प्रश्न नसलेल्या पानाला काय उत्तर द्यायचं?

प्रश्न : मी घुग्घुसला राहते. ऑगस्ट २०२२ मध्ये अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं, ते तुम्ही वाचलं असेल. त्यानंतर आजूबाजूच्या ज्यांना घरं सोडावी लागली, त्यांत माझा दादाही होता. वहिनी त्याआधीच गेली. दादा आणि माझी भाची आता भाड्याच्या खोलीत राहतात. परवा रात्री उशिरा भाचीने मला व्हॉट्सॲपवर तिच्या डायरीचं एक पान टाइप करून पाठवलं. वर-खाली काही नाही. ना ‘आत्या’, ना ‘काय करू’. मी वाचलं, निळ्या खुणा तिला दिसल्या असणार, पण अजून उत्तर दिलेलं नाही. चार वेळा लिहिलं आणि पुसलं. तिचं ऐकून घ्यायचं, समजूत घालायची, की सल्ला द्यायचा? ती माझ्याकडून मागते तरी काय आहे?

उत्तर : तुम्ही ते पानही पाठवलंत, त्यातल्या ओळखीच्या खुणा बदलून ते इथे देतो. त्याशिवाय पुढचं बोलणं हवेतलं होईल.

“बाबा फिरायला म्हणून गेले आणि तिकडेच गेले. येताना हातात अंगणातल्या कढीपत्त्याची डहाळी. मी ओरडले. म्हटलं, किती दिवस त्या घराची राखण करणार आहात? ते काही बोलले नाहीत. डहाळी फ्रिजवर ठेवली. मी ती भाजीत घातली नाही. फॉर्म भरायचा राहिला, सोमवारी शेवटची तारीख. आईला हे सगळं कसं जमायचं कोण जाणे.”

आधी एक तातडीचं काम करा. उत्तर सुचो न सुचो, पोच द्या. “वाचलं गं. दोनदा वाचलं. मी आहे इथे.” एवढं बास. आपलं आतलं काहीतरी कुणाच्या हाती दिल्यावर समोरून शांतता आली, की माणूस ती शांतता स्वतःच भरून काढतो, आणि बहुधा वाईटच भरतो : आत्याला राग आला, बाबांवर ओरडले ते तिला आवडलं नाही. अंगठा किंवा हात जोडल्याचं चित्र पाठवू नका. ते पावतीसारखं दिसतं.

आता पान. रात्री लिहिलेलं पान म्हणजे त्या माणसाची अख्खी अवस्था नव्हे, हे धरून चला. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली सॅन्ड्रा बील यांच्याबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आपल्या सगळ्यात क्लेशाच्या अनुभवावर लिहायला लावलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांचं मन लिहून झाल्या झाल्या जास्तच खिन्न झालं. पण पुढच्या काही महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. पेनेबेकर यांनी पुढे अशा लिखाणातले शब्द तपासले. ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळतं’ अशा जातीचे शब्द वाढत गेलेले दिसले. तुमच्या भाचीच्या पानात अजून एकही ‘कारण’ नाही. तिथे नुसत्या गोष्टी एकापुढे एक मांडल्या आहेत. तो ‘कारण’ तिच्या हातून यायचा आहे. तुम्ही आयता लिहून दिलात तर तिचं काम तुम्ही केल्यासारखं होईल.

तुम्ही पुसून टाकलेले चार मजकूर मी पाहिलेले नाहीत, पण अंदाज करू शकतो. एकात “दादाचं वय झालंय गं, समजून घे” असेल. एकात “फॉर्म आधी भर” असेल. एकात “तू फार करतेस, स्वतःला त्रास करून घेऊ नकोस” असेल. तीनही वाक्यं खोटी नाहीत, म्हणूनच ती धोक्याची. पहिल्यात तर तुम्ही भावाच्या बाजूने उभ्या राहता. ते घर तुमचं माहेर असेल तर दादा तिकडे का जातो हे तुम्हाला तिच्यापेक्षा चांगलं कळत असणार, आणि लिहिताना तुमचाच हुंदका त्यात उतरेल. तो खरा आहे, पण त्याला वेगळी जागा द्या. बहिणीशी, मैत्रिणीशी बोला. या उत्तरात तो आला तर भाचीला आता बाबांबरोबर आत्यालाही सांभाळायचं काम लागेल.

दुसऱ्याचं बिघडलेलं दिसलं की ते नीट करायला हात शिवशिवतात. व्यसनी माणसांशी बोलण्याची पद्धत घडवणारे विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक शिकाऊ समुपदेशकांना पहिली सूचना हीच देतात : हा हात आवरा. कारण साधं आहे. मन दोन्हीकडे ओढलं जात असताना बाहेरच्याने एक बाजू धरली, की माणूस आपोआप दुसरी धरतो. “बाबांना जाऊ दे ना तिकडे” म्हणाल, तर ती लिहील, “तुला काय जातं, रोज मला बघावं लागतं.” मग वाद सुरू होतो, आणि ज्या मुलीला ओरडल्याचं आधीच टोचतंय ती ओरडण्याची वकिली करू लागते.

म्हणून माझा कौल मधल्या वाटेला आहे. नुसतं ऐकणं नाही, सल्ला तर नाहीच. तिने जे लिहिलंय त्यातलं एक उचलून तिच्यापुढे धरायचं. एकच. आणि ते निवडण्यातच सगळी मेख आहे.

पानात पाच गोष्टी आहेत : वडील, ओरडणं, डहाळी, फॉर्म, आई. घाईत वाचणारा ओरडण्याला हात घालतो, कारण तिथे आवाज आहे. मी डहाळीपाशी थांबेन. भाजीत कढीपत्ता घातला की नाही हे डायरीत लिहायची गरज कुणालाही नसते. तरी तिने लिहिलं. अर्थाने अनावश्यक आणि तरीही तपशिलाने आलेलं वाक्य दिसलं, की लिहिणारीचं मन तिथे अडकलंय असं धरायला हरकत नाही. दुसरी जागा शेवटची, आईची ओळ. ती मोठी आहे, पण पहिल्याच उत्तरात तिला हात लावू नये.

तर काय लिहायचं? “तुला वाईट वाटलं असेल” हे फारच पातळ. कुणालाही, कशावरही लागू पडतं. “आईची जागा तुझ्या गळ्यात पडली याचा तुला राग येतोय” हे खरं असूही शकेल, पण तुम्ही तिच्या दोन पावलं पुढे गेलात. बरोबर असलात तर ती उघडी पडेल, चूक असलात तर तुमचं खोडत बसेल. यांच्या मधलं काहीसं असं :

“डहाळी भाजीत घातली नाहीस. तेच मनात राहिलंय, असं वाटतं.”

शेवटी पूर्णविराम आहे, प्रश्नचिन्ह नाही. प्रश्न आला की तो सोडवायला बसावं लागतं. विधान आलं की त्यावर हो-नाही करून पुढे जाता येतं. ‘असं वाटतं’ मात्र हवंच. या रीतीचं जनकत्व ज्यांच्याकडे जातं त्या मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांना तिचं पोपटपंचीत झालेलं रूपांतर आयुष्यभर खुपलं. आपण समोरच्याच्या भावनेचा आरसा धरत नाही, आपल्याला नीट समजलंय का ते तपासून बघतो, असं त्यांनी उतारवयात, १९८६ साली, लिहून ठेवलं. ‘असं वाटतं’ हे ते तपासणं आहे. तिची वाक्यं जशीच्या तशी परत पाठवाल, तर ती म्हणेल, मी काय लिहिलं ते मला माहीत आहे.

नेम लागला का हे तिच्या पुढच्या मेसेजवरून कळतं. “हो, आणि...” असं काही आलं, मजकूर लांबला, की गप्प राहून वाचत जा, मधूनच तसंच एखादं वाक्य टाका. “नाही, तसं नाही, उलट...” आलं तरी उत्तमच, कारण ती आता स्वतः नीट सांगते आहे. “जाऊ दे आत्या, झोप तू” आलं तर समजा की दार लोटलं गेलं. तेव्हा आणखी खोदू नका. “बरं. उद्या फोन करते” म्हणा आणि खरंच करा. मिलर-रोलनिक यांच्या शिकवणीत एक ढोबळ माप आहे : एका प्रश्नामागे निदान दोन अशी विधानं. घरच्या बोलण्यात मोजत बसू नये, पण आपण सलग तीन प्रश्न विचारले हे लक्षात आलं तर थांबावं.

“तुला नुसतं सांगायचंय, की मी काही सुचवू?” असं सरळ विचारण्याची हल्ली शिफारस होते. चांगला प्रश्न आहे, फक्त तो पहिल्याच ओळीत टाकू नये. रात्री पान पाठवलेल्या मुलीला तो अर्जातल्या रकान्यासारखा लागतो, आणि काय हवंय हे तिला तेव्हा ठाऊक असतंच असं नाही. दोन-तीन देवाणघेवाणींनंतर विचारा. ती “सुचव” म्हणाली, तरी आधी “तुझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं?” हे विचारून घ्या. तुम्ही सांगणार त्यातलं निम्मं तिने आधीच करून पाहिलेलं असतं.

फॉर्मचं मात्र वेगळं. ती भावना नाही, तारीख आहे, आणि सोमवार कुणासाठी थांबत नाही. तेव्हा तो या बोलण्यात मिसळू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, निराळ्या मेसेजमध्ये : “फॉर्मचं सोमवारपर्यंत आहे ना? नेट कॅफेत मी येऊ का सोबत, की बाबांजवळ बसू?” यात उपदेश नाही, दोन हात आहेत. तिला हवा तो घेईल.

एका बाबतीत वरचं सगळं बाजूला ठेवायचं. पानात ‘मी नसते तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काही असतं, निरोपाचा सूर असता, वस्तू वाटून टाकल्याचा किंवा घरातल्या फवारणीच्या औषधाचा उल्लेख असता, तर आडून काही बोलायचं नाही. सरळ विचारायचं, “जीव द्यायचे विचार येतात का?” विचारल्याने ते विचार डोक्यात घुसत नाहीत. उत्तर हो असेल तर तिला एकटं सोडायचं नाही, औषध हाताशी ठेवायचं नाही, आणि १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर तिच्यासोबत बसून फोन लावायचा. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुमच्या भाचीच्या पानात मला असं काही दिसलं नाही. ती थकलेली आहे आणि स्वतःवर चिडलेली आहे. तरी हे पान मी एकदाच वाचलंय, तुम्ही तिला रोज बघता. जेवण, झोप, बोलणं एकदम बदललेलं वाटलं तर माझ्या अंदाजावर विसंबू नका, तिलाच विचारा.

शेवटचं, दादाबद्दल. त्याला समजावण्याचा मोह होईल : “अरे, पोरगी किती त्रासलीय, तिकडे जाणं बंद कर.” ते करू नका. तिने बाबांना जे सांगितलेलं नाही ते तुमच्या तोंडून त्याला कळलं, तर पुढचं पान तुमच्याकडे येणार नाही. ते पान कुटुंबाच्या ग्रुपवर तर सोडाच, जावेलाही दाखवू नका. दादाकडे जायचं असेल तर तुमच्या स्वतःच्या निमित्ताने जा. एखाद्या संध्याकाळी म्हणा, “आज मीही येते तुझ्यासोबत फिरायला.” धोक्याच्या जागेपासून दूर थांबा, तिथून घर दिसेल तेवढं बघा. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. भाचीच्या पानाचा त्याच्याशी काही संबंध नाही.