निकाल राखीव? आधी टेबल शोध

पोरी, कॉलेजच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून सांगतो. निकाल अडकला की पोरं थेट प्राचार्यांच्या केबिनबाहेर जाऊन उभी राहतात. तिथं जाऊ नकोस. तो कोणत्या टेबलावर अडकलाय ते आधी शोध.

विद्यापीठाच्या पोर्टलवर गुण दिसत असतील, तर निकाल लागलेला आहे. कॉलेजने फक्त गुणपत्रिकेचा कागद अडवलाय आणि ते भांडण कॉलेजशीच आहे. पोर्टलवरच ‘राखीव’ दिसत असेल, तर कारण विचार: पात्रता कायम व्हायची आहे का, अंतर्गत गुण पाठवायचे राहिलेत, की कॉपीची केस आहे? ही कारणं फी भरून सुटत नाहीत. ऑफिसात कुणी ‘फी भरा, मग बघू’ म्हणालं, तर राखीव ठेवण्याचं कारण लेखी माग.

आता बाकीचं. ‘तुमची बाकी आहे’ एवढ्यावर पैसे काढून द्यायचे नाहीत. आधी खातेउतारा मागायचा, शीर्षकवार. आपल्या गल्लीतल्या एका पोराला कॉलेजने १४,४०० रुपये बाकी सांगितले. उताऱ्यात त्याचे तीन तुकडे निघाले: शिक्षण शुल्क १०,८००, मागच्या वर्षीचे २,१०० आणि ग्रंथालयाच्या हरवलेल्या पुस्तकाचे १,५००. २,१०० ची पावती त्याच्या घरीच होती, फक्त खात्यावर चढली नव्हती. पुस्तकाच्या रकमेतून त्याची १,००० ची अनामत वळती करून घेतली, कारण वर्ष शेवटचं होतं.

उरले १०,८००. ‘ते शिष्यवृत्तीचे, सरकार कॉलेजला देईल,’ असं तो म्हणत होता. पूर्वी तसंच होतं. पण अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी त्यानेच कॉलेजला भरायची असते. ‘माझ्या खात्यात तर काहीच आलं नाही,’ तो म्हणाला. आलं होतं. हे पैसे आपण फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला जोडलेल्या खात्यात जातात. एखाद्याने शाळेत असताना दुसऱ्या बँकेत खातं उघडून तिथं आधार जोडलेलं असतं आणि ते पासबुक आता आईच्या पेटीत पडलेलं असतं. आधारच्या संकेतस्थळावर ‘Bank Seeding Status’ बघ, कोणती बँक जोडली आहे ते कळतं. त्या बँकेत जाऊन पासबुक छापून घे. आलेल्या रकमेत निर्वाह भत्ता असतो. तो तुझा, फीत देऊ नकोस.

पोराने शेवटी ११,३०० भरले, १४,४०० नाही.

आणि पैसे आलेच नसतील तर? महाडीबीटीवरच्या अर्जाची सद्यस्थिती छापून काढ. सोबत ‘रक्कम जमा होताच भरेन’ असं हमीपत्र जोडून दे. कॉलेज तरी अडवून बसलं, तर त्याच कागदांची प्रत समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जाऊ दे.

अर्ज नेहमी दोन प्रतींत. एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊन ती जपून ठेव. अर्जात उगाच गयावया नको. ‘बाकी इतकी होती, अमुक पावतीने भरली, गुणपत्रिका द्यावी; निकाल उशिरा मिळाल्यास पुनर्मूल्यांकनाची मुदत त्या दिवसापासून धरावी’, एवढंच लिही. शेवटचं वाक्य बहुतेकजण विसरतात.

पैसे भरून झाले की सुटका झाली, असं मानू नकोस. निकाल विद्यापीठाकडे राखीव असेल, तर कॉलेजने ‘निकाल सोडावा’ असं पत्र पाठवावं लागतं आणि खरी दिरंगाई इथंच होते. पत्र गेलं का विचारू नकोस, जावक क्रमांक विचार. क्रमांक नसेल तर पत्र गेलेलं नसतं, हे माझ्याकडून पक्कं धर.

कॉपीची केस असेल तर प्रकार वेगळा. तिथं ओळखी लावून काही होत नाही. निकाल समितीच्या निर्णयानंतरच सुटतो. नोटिशीला मुदतीत लेखी म्हणणं दे, आरोपाचे कागद दाखवायला सांग, सुनावणीला हजर राहा. गैरहजर राहिलीस तर निर्णय तुझं ऐकल्याविनाच होईल.

एवढं करूनही ढिम्म हललं नाही, तर यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. तक्रारीला तोंडी हकीकत पुरत नाही, शिक्क्याची प्रत लागते. आजच झेरॉक्सच्या दुकानात जा आणि सगळ्या पावत्यांचा एक संच करून ठेव.