निविदा समितीपुढील सादरीकरण : मुदतीचा हिशेब

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात जलवाहिन्या, मलवाहिन्या, रस्ते आणि वीजवाहिन्या यांची कामे सतत चालू असतात. अशा कामाची निविदा दोन लिफाफ्यांत मागविली जाते. पहिल्या लिफाफ्यात कंत्राटदाराची तांत्रिक पात्रता आणि कामाचा कार्यक्रम असतो, दुसऱ्यात दर. पहिला लिफाफा उघडल्यानंतर काही कामांमध्ये कंत्राटदारास मूल्यमापन समितीपुढे तोंडी सादरीकरणासाठी पाचारण केले जाते. या पंधरा-वीस मिनिटांत काय साधते आणि काय साधत नाही, याविषयी अनेक होतकरू कंत्राटदारांच्या मनात गैरसमज आढळतात.

पहिला गैरसमज असा की, चांगले बोलल्याने काम मिळते. नेहमीच्या पद्धतीत पात्र ठरलेल्यांपैकी सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली जाते. तेथे सादरीकरण पात्रतेची शहानिशा करण्यापुरतेच उपयोगी पडते. गुणवत्तेला गुण देण्याची पद्धत पूर्वी मुख्यतः सल्लागारांच्या नेमणुकीत होती. केंद्रीय वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढलेल्या सूचनांनी केंद्राच्या बांधकामांनाही ती ठराविक अटींवर खुली केली. मात्र दराव्यतिरिक्त बाबींचा भार ३० टक्क्यांहून अधिक असू नये, असे बंधन घातले. गुणांचे निकष निविदेतच छापलेले असावे लागतात. तेव्हा सादरीकरणाच्या तयारीचा प्रारंभ ते पान नीट वाचण्यापासून होतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लिफाफ्यात जे लिहिले आहे त्याचे स्पष्टीकरण करता येते, त्यात भर घालता येत नाही. “गरज पडल्यास आणखी दोन यंत्रे लावू” असे तोंडी आश्वासन समितीने जमेस धरले, तर इतर निविदाकारांवर अन्याय होतो. दराचा तर ओझरता उल्लेखही टाळावा लागतो, कारण दुसरा लिफाफा अद्याप बंद असतो.

मुदतीचा प्रश्न एका उदाहरणाने पाहू. उदाहरण कल्पित आहे, परंतु त्यातील अडचणी या भागातील कोणत्याही अभियंत्याच्या ओळखीच्या आहेत. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यालगत ६०० मिलिमीटर व्यासाची, ६ किलोमीटर लांबीची बिडाची जलवाहिनी टाकावयाची आहे. मुदत पावसाळ्यासह १२ महिने, कार्यादेश १५ फेब्रुवारीस अपेक्षित. एक कंत्राटदार समितीस सांगतो की, काम आठ महिन्यांत पूर्ण करू. दुसरा बारा महिने मागतो. ऐकताक्षणी पहिला तडफदार वाटतो.

दुसऱ्याने फलकावर मांडलेला हिशेब असा. एक नळ साडेपाच मीटरचा. खोदाई यंत्रासह एक टोळी मोकळ्या रस्त्यावर दिवसाला सहा नळ, म्हणजे ३३ मीटर वाहिनी टाकते. दोन टोळ्या ६६ मीटर. कामाचे दिवस महिन्याला २४ धरले तर ६,००० मीटरसाठी ९१ दिवस, म्हणजे चार महिन्यांहूनही कमी काळ लागतो. परंतु नळ गोदामात तयार नसतात. मागणी नोंदविणे, कारखान्यात त्रयस्थ संस्थेकडून तपासणी आणि वाहतूक यांस दहा आठवडे धरावे लागतात. म्हणजे पहिला नळ एप्रिलअखेर येतो. मे आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत कामाचे ३६ दिवस मिळतात, त्यात २,३७६ मीटर काम होते. पुढे पावसाळ्यात रस्ते खोदण्यास मनाई असते. उरलेले ३,६२४ मीटर ऑक्टोबरच्या मध्यानंतर सुरू होतात. दोन टोळ्यांना त्यासाठी ५५ दिवस लागतात आणि दिवाळीत मजूर गावी जातात त्याचे दहा दिवस वेगळे धरावे लागतात. वाहिनी जानेवारीच्या आरंभी पूर्ण होते. मग दाबचाचणी, निर्जंतुकीकरण, जोडण्या आणि रस्त्याची दुरुस्ती यांस दीड महिना. फेब्रुवारीचा मध्य उजाडतो आणि हाती एकही दिवस शिल्लक राहत नाही. म्हणून या कंत्राटदाराने कार्यक्रमात पावसाळ्यानंतर तिसरी टोळी आधीच लिहून ठेवली होती. तिच्यामुळे ५५ दिवसांचे काम ३७ दिवसांवर येते आणि शेवटी सुमारे तीन आठवड्यांचा अवकाश राहतो.

हाच हिशेब पहिल्या कंत्राटदारास लावून पाहिला की आठ महिन्यांचे खरे रूप कळते. त्याची मुदत ऑक्टोबरच्या मध्यास संपते. नळ मेपूर्वी येणार नाहीत आणि पावसाळ्यात खोदाई नाही, तर सगळी ६,००० मीटर वाहिनी त्या ३६ दिवसांतच टाकावी लागेल. दिवसाला सुमारे १६७ मीटर, म्हणजे पाचांहून अधिक टोळ्या. त्याच्या यंत्रसामग्रीच्या यादीत खोदाई यंत्रे दोनच असतील, तर समितीला वेगळा पुरावा शोधावा लागत नाही. एवढा एक प्रश्न पुरे होतो : “पहिला नळ कोणत्या तारखेस येणार?”

स्थानिक माहिती असल्याची खूण बारीकसारीक गोष्टींत दिसते. पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीत साप्ताहिक सुटी बहुधा गुरुवारी असते. जुनी जलवाहिनी बंद ठेवून करावयाच्या जोडण्या त्या वारास ठेवल्या तर कारखान्यांचे नुकसान टळते. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात दिवसा रस्ता ओलांडण्याचे काम दाखविणारा कार्यक्रम मात्र कागदावरच केलेला असतो. तेथे मालमोटारींची रीघ हटत नाही.

काही विलंब कंत्राटदाराच्या हाती नसतात आणि ते वेगळे काढून सांगणे हाही विश्वासार्हतेचाच भाग आहे. पवना धरणापासून निगडीपर्यंतच्या सुमारे ३५ किलोमीटर बंदिस्त जलवाहिनीचे उदाहरण या परिसरास विसरता येणार नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातील शेतकऱ्यांच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारात तिघांचा बळी गेला, काम थांबले आणि त्यावरील स्थगिती उठण्यास २०२३ साल उजाडले. टोळ्या आणि यंत्रे कितीही असती तरी त्यावर इलाज नव्हता. म्हणून जाणता कंत्राटदार जागेचा ताबा, वृक्षतोडीची परवानगी आणि महामार्गाची अनुमती कोणत्या तारखेपर्यंत मिळणे आवश्यक आहे, हे समितीपुढे स्पष्ट मांडतो. काहींना ही तक्रार वाटते. वस्तुतः तो वेळापत्रकाचाच अर्धा भाग आहे.

मागील कामांविषयी बोलताना छायाचित्रे फारशी उपयोगी पडत नाहीत. पूर्णत्वाच्या दाखल्यावर मूळ मुदत आणि प्रत्यक्ष पूर्णतेची तारीख या दोन्ही हव्यात. मुदतवाढ मिळाली असेल तर ती दंडासह की दंडाविना, हेही. दंडाविना मिळालेली मुदतवाढ लपविण्याचे कारण नसते, आणि ती स्वतःहून सांगणाऱ्याची उरलेली विधाने समिती अधिक विश्वासाने ऐकते. हातातील कामांचेही तसेच. निविदाक्षमतेच्या सूत्रात गेल्या काही वर्षांतील सर्वाधिक वार्षिक उलाढालीस कामाच्या वर्षांनी आणि निविदेत दिलेल्या गुणकाने गुणून त्यातून चालू कामांची रक्कम वजा करतात. उलाढाल २० कोटी, मुदत एक वर्ष, गुणक २ आणि चालू कामे २६ कोटींची असल्यास क्षमता १४ कोटी उरते. एखादे ५ कोटींचे चालू काम यादीतून गळले, तर खरी क्षमता ९ कोटींचीच असते आणि १२ कोटींच्या कामास तो मुळातच अपात्र ठरतो.

बोलणारा कोण, याकडेही समितीचे लक्ष असते. कार्यालयातील चतुर अधिकाऱ्याऐवजी प्रत्यक्ष जागेवर राहणाऱ्या अभियंत्याने उत्तरे दिलेली बरी. खोदाईत अनोळखी वीजवाहिनी लागल्यास काय कराल, असे विचारले असता तो आधी चाचणी खड्डे घेण्याविषयी बोलतो, मग यंत्र थांबवून वीज कंपनीच्या माणसास बोलाविण्याविषयी, आणि त्यात जाणारे दिवस कार्यक्रमात कोठे धरले आहेत ते बोट ठेवून दाखवितो. प्रश्नोत्तरांचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहून उभय पक्षांच्या सह्या घेतल्या जातात. पुढे काम रेंगाळले की, प्रथम हेच कागद बाहेर निघतात.