नावांची यादी वाचू नका

सोसायटीच्या स्नेहसंमेलनात स्वागताचं भाषण हमखास नवख्याच्या गळ्यात पडतं. गेल्या वर्षी ते एका काकांकडे होतं. त्यांनी राबलेल्या सगळ्यांची नावं वाचली आणि नेमके खजिनदार राहिले. मागून कुणीतरी ओरडलं. मग माफी मागता मागता आणखी नावं आली, आणि जाता जाता ‘मेंटेनन्स वेळेवर भरा’ हेही आलं. तोवर नाचासाठी बाजूला ताटकळलेल्या छोट्या पऱ्यांचं काजळ गालावर उतरलं होतं. खजिनदारांचा रुसवा पुढे दिवाळीपर्यंत टिकला.

यंदा दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची पाळी आली. “भाऊजी, माझे हात थरथरतात हो,” म्हणाल्या. मी म्हटलं, नावं घ्यायचीच नाहीत, कामं घ्यायची. पाहुणे असलेच तर नाव फक्त त्यांचं, तेही आधी त्यांनाच विचारून लिहून घ्यायचं. थकबाकी, पार्किंग, गळती हे विषय वार्षिक सभेचे, ते तिथेच राहू द्यायचे. मग आम्ही दोघांनी बसून एवढंच लिहिलं:

“नमस्कार मंडळी! एरवी आपण लिफ्टमध्ये भेटतो आणि मजला आला की निघून जातो. आज निवांत बसायला जमलोय. सर्वांचं मनापासून स्वागत. यंदा नव्याने राहायला आलेल्यांचं, मग घर स्वतःचं असो की भाड्याचं, विशेष स्वागत. मंडप, जेवण, नाचाच्या तालमी, यात ज्यांनी ज्यांनी हातभार लावला, त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या! आपले वॉचमनकाका आणि झाडलोट करणाऱ्या मावशीही आज आपल्याबरोबर जेवणार आहेत. दहाला स्पीकर बंद करायचाय, म्हणून मी थांबते. येताहेत आपले बालगोपाळ!”

मुद्दाम हळू वाचलं तरी हे मिनिटभरात संपतं. टाळ्या मधोमध ठेवल्या, कारण तेवढ्यात वहिनींना श्वास घेता येतो, पुढची ओळही शोधता येते. भाड्याने राहणाऱ्यांचा उल्लेख मात्र माझा हट्ट होता. बहुतेक सोसायट्यांत त्यांना वर्गणी मागतात, स्वागत करायचं विसरतात.

मजकूर जाड कार्डावर, ठळक अक्षरात, एकाच बाजूला लिहावा. पातळ कागद हातात थरथरतो आणि त्याची सळसळ माईकमधून ऐकू येते. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठच हवं, म्हणजे त्या दोन्ही वेळी लोकांकडे बघता येतं. माईक हनुवटीच्या जरा खाली, तोंडापासून चार बोटं दूर धरावा आणि स्पीकरच्या समोर उभं राहू नये, नाहीतर शिट्टी वाजते. वाजलीच तर माईकच्या जाळीवर हात ठेवू नका, शिट्टी आणखी वाढते. स्पीकरपासून दोन पावलं दूर सरा. आणि कार्यक्रमाला उशीर झालेला असेल, तर लिफ्टचं वाक्य गाळा, टाळ्यांचं ठेवा.