पोहोचण्याची वेळ आपोआप कळवताना

वाहन चालवताना फोनवरील नकाशा जो पोहोचण्याचा अंदाजित क्षण दाखवतो, त्यालाच बोलीत ईटीए म्हणतात. ही वेळ घरच्या माणसाला हात न लावता कळावी म्हणून आयफोनच्या Shortcuts या ॲपमध्ये एक छोटी कृतिमालिका रचण्याची पद्धत आता बरीच रूढ झाली आहे. शॉर्टकट म्हणजे एकापाठोपाठ एक पार पडणाऱ्या कृतींची साखळी, आणि ही साखळी माणसाने बटण न दाबता एखाद्या घटनेने, उदाहरणार्थ फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडला गेल्याने, सुरू होणार असेल तर तिला ऑटोमेशन म्हणतात. साखळी रचणे दहा मिनिटांचे काम आहे, परंतु तिने पाठवलेल्या वेळेवर पलीकडचा माणूस किती आणि कसा विसंबतो, याचा विचार ती रचताना क्वचितच होतो. प्रस्तुत विवेचन पुण्यात नोकरी करून आठवड्याअखेरीस साताऱ्याला आईकडे जाणाऱ्या एका गृहस्थाच्या अनुभवावर आधारलेले आहे.

साखळीचा गाभा चार कृतींचा असतो. Get Travel Time ही कृती सध्याच्या ठिकाणापासून दिलेल्या पत्त्यापर्यंत गाडीने किती वेळ लागेल हे विचारते; Adjust Date तो कालावधी चालू वेळेत मिळवते; Format Date त्यातून फक्त तास-मिनिटे काढून घेते; आणि Send Message तो मजकूर ठरलेल्या क्रमांकावर पाठवते. शेवटच्या कृतीतील Show When Run हा पर्याय बंद केला नाही, तर संदेश लिहून तयार होतो पण पाठवण्याच्या बटणाची वाट पाहत पडद्यावर थांबून राहतो, आणि चालकाला मात्र तो गेला असेच वाटत राहते. ऑटोमेशनच्या बाबतीत Run Immediately निवडणे याच कारणाने आवश्यक ठरते. याशिवाय फोन पहिल्या वेळी संबंधित व्यक्तीला संदेश पाठवण्याची परवानगी मागतो. ती परवानगी गाडी उभी असताना, एकदा स्वतः साखळी चालवून देऊन ठेवावी, अन्यथा हिंजवडीच्या सिग्नलवर तो प्रश्न उभा राहतो.

व्हॉट्सॲपचा आग्रह धरणाऱ्यांनी एक मर्यादा ध्यानात घ्यावी. `https://wa.me/` या प्रकारच्या दुव्याने योग्य व्यक्तीची खिडकी उघडते व मजकूरही भरला जातो, पण तो पाठवण्यासाठी बोट लागतेच. हात स्टिअरिंगवर ठेवणे हा या उद्योगाचा मूळ हेतू असेल, तर साधा एसएमएस किंवा आयमेसेज हा मार्ग सोयीचा ठरतो.

आता प्रत्यक्ष प्रवास पाहू. शुक्रवारी सायंकाळी १७:३५ वाजता हिंजवडीतील कार्यालयाच्या वाहनतळातून गाडी निघते, अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे, नकाशा दोन तास पस्तीस मिनिटे सांगतो, आणि साताऱ्यात आईच्या फोनवर २०:१० ही वेळ उमटते. या आकड्यात काय धरलेले आहे हे तिला ठाऊक नसते. त्या क्षणी रस्त्यावर असलेली व पुढे अपेक्षित असलेली वाहतूक त्यात धरलेली आहे. नवले पुलापाशी तासाभराने होणारी प्रत्यक्ष कोंडी, खेड शिवापूरच्या अलीकडे चहासाठी घेतलेली वीस मिनिटे आणि खंबाटकी घाटात अचानक बंद पडलेला मालवाहू ट्रक हे त्यात नाही. नकाशाचा हिशेब गाडी कुठेही थांबणार नाही असे गृहीत धरून केलेला असतो. त्यामुळे निघताना पाठवलेला आकडा हा त्या क्षणाचा टिपलेला फोटो ठरतो. पुढे फोनवरची वेळ सरकत जाते, संदेशातली वेळ मात्र जागची हलत नाही.

येथेच या सोयीचा उलटा परिणाम दिसू लागतो. पूर्वी मुलगा "आठ-साडेआठपर्यंत येतो" असे सांगून निघत असे आणि आई नऊपर्यंत निश्चिंत असे. २०:१० असा मिनिटापर्यंतचा आकडा हाती आल्यावर तीच आई २०:१५ ला फोन करू लागली, आणि ज्या फोनला हात लावावा लागू नये म्हणून ही सारी रचना केली होती तोच फोन घाटाच्या चढणीवर वाजू लागला. काटेकोर आकडा काटेकोर अपेक्षा निर्माण करतो; म्हणून संदेशात केवळ पोहोचण्याची वेळ न देता ती केव्हा काढली आणि त्यात काय धरलेले नाही, हेही सांगावे. या कुटुंबात पुढे स्थिरावलेला मजकूर असा होता: "निघालो १७:३५. पोहोचण्याचा अंदाज २०:१०. थांबा धरलेला नाही."

मजकूर इतका आखूड ठेवण्यामागे तांत्रिक कारणही आहे. रोमन लिपीतील एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, पण देवनागरीचा एकही वर्ण आला की ती मर्यादा ७० वर येते, आणि काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त ही प्रत्येक खूण स्वतंत्र मोजली जाते. डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसणारा "पोहोचण्याचा" हा शब्द फोनच्या हिशेबी अकरा जागा घेतो. वरील संपूर्ण मजकूर ५७ जागांत बसतो. तो सत्तरच्या पलीकडे गेला की एकाचे दोन संदेश होतात आणि आकारही दोन संदेशांचा लागू शकतो.

वेळेच्या रूपाबाबतही एक बारकावा आहे. Format Date मध्ये स्वतःचा साचा देताना `HH:mm` लिहिले तर चोवीस ताशी वेळ मिळते, `hh:mm` लिहिले तर रात्रीचे आठ दहा हे नुसते ०८:१० असे उमटते. सायंकाळच्या प्रवासात त्याने गोंधळ होत नाही, मात्र रात्री अकराला निघून पहाटे पोहोचणाऱ्याच्या घरी होतो.

संदेश एकदाच जातो या उणिवेवर दोन उपाय संभवतात. पहिला म्हणजे नकाशा ॲपमध्येच असलेली चालू प्रवास दाखवत राहण्याची सोय, जिच्यात वेळ बदलली की समोरच्यालाही बदललेली दिसते आणि मुक्कामी पोहोचल्यावर दाखवणे आपोआप थांबते. ॲपलच्या नकाशात ही सोय २०१९ सालच्या आयओएस १३ पासून आली असून, आवडत्या ठिकाणांपैकी एखाद्याला व्यक्ती जोडून ठेवल्यास त्या ठिकाणाकडे मार्गदर्शन सुरू होताच तिला कळवले जाते. पण हे सारे मार्गदर्शन त्याच ॲपमध्ये सुरू केले तरच घडते, आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य चालक गूगल मॅप्स वापरतात, जेथे प्रवास सामायिक करण्याचे बटण दर वेळी स्वतः दाबावे लागते. येथे आणखी एक विसंगती उद्भवते, जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही: Get Travel Time ही कृती वेळ ॲपलच्या नकाशाकडून घेते, तर चालकाच्या समोर गूगलचा नकाशा असतो, त्यामुळे आईला कळवलेली वेळ आणि चालकाला दिसणारी वेळ निघतानाच वेगळी असू शकते. दोन्ही अंदाज आपापल्या जागी रास्त असतात, पण "तू तर आठ दहा म्हणाला होतास" या प्रश्नाचे उत्तर चालकापाशी नसते.

दुसरा उपाय वाटेत फेरहिशेब करण्याचा आहे, आणि साताऱ्याच्या या मार्गावर तोच अधिक उपयोगी ठरला. शिरवळ हे गाव खंबाटकी घाटाच्या अलीकडे आहे. तेथे पोहोचताच तीच साखळी पुन्हा चालावी, असे ऑटोमेशन ठेवले की घाटातील कोंडी नव्या अंदाजात धरली जाते. वर सांगितलेल्या शुक्रवारी गाडी शिरवळला १९:१५ वाजता आली, नव्या संदेशात २०:५० ही वेळ गेली, आणि पहिली वेळ उलटण्याच्या जवळपास तासभर आधी आईला विलंब कळला. असा विलंब कळल्यावर माणूस वाट पाहणे पुढे ढकलतो, काळजी करत नाही. न कळलेला वीस मिनिटांचा विलंबही त्याला अस्वस्थ करतो.

मात्र ठिकाणावर आधारलेल्या ऑटोमेशनचे दोन धोके आहेत. फोन त्या ठिकाणाभोवती एक वर्तुळ कल्पितो आणि त्यात काही काळ राहिल्यानंतरच आगमन झाले असे मानतो. शंभर मीटर त्रिज्येचे वर्तुळ ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणारी गाडी नऊ सेकंदांत ओलांडते, आणि अशा वेळी फोनला आगमनाचा पत्ताच लागत नाही. त्रिज्या एक किलोमीटर ठेवली तर सुमारे दीड मिनिट मिळते. दुसरे असे की फोनला दिशा कळत नाही. रविवारी पुण्याकडे परतताना तेच शिरवळ लागते आणि आईला मुलगा पुन्हा साताऱ्याला येत असल्याचा संदेश जातो. यासाठी वाराची अट घालावी लागते, पण `EEEE` या साच्याने मिळणारे वाराचे नाव फोनच्या भाषेत येते. फोन मराठीत असताना अटीत Friday लिहिले तर ती कधीच जुळत नाही, संदेश जात नाही आणि कोणतीही त्रुटी दिसत नाही.

ब्लूटूथने सुरू होणाऱ्या साखळीचा धोका निघतानाच्या जागेशी निगडित आहे. प्रवासाचा कालावधी काढायला इंटरनेट व ठिकाण ही दोन्ही लागतात, आणि तळघरातील वाहनतळात दोन्हींची वानवा असते. ब्लूटूथ जुळताच साखळी सुरू होते, वेळ मिळत नाही, ती अर्ध्यावर थांबते, आणि घरी शांतता पसरते. म्हणून ब्लूटूथऐवजी कार्यालयाचा परिसर सोडण्याच्या घटनेवर साखळी बांधणे श्रेयस्कर. त्याचा आणखी एक लाभ असा की पेट्रोल पंपावर गाडी बंद करून पुन्हा सुरू केली तरी दुसरा संदेश जात नाही. ब्लूटूथवरच अवलंबून राहायचे असेल, तर मिळालेला कालावधी अर्ध्या तासापेक्षा कमी असल्यास संदेश पाठवू नये अशी अट घालावी, म्हणजे मुक्कामाच्या गावात भाजी आणायला बाहेर पडल्यावर आईला "निघालो" असा निरोप जाणार नाही.

संदेश कोणाला जातो हेही अधूनमधून तपासले पाहिजे. संपर्कात एका व्यक्तीचे दोन क्रमांक असतील तर साखळीत निवडलेला क्रमांकच वापरला जातो, आणि त्या व्यक्तीने जुने सिम बंद केले असल्यास चालकाच्या फोनवर संदेश गेल्याची नोंद राहूनही पलीकडे काही पोहोचत नाही. ऑटोमेशन सुरू केल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार प्रवासांत पोहोचल्यावर "किती वाजता कळले?" एवढे घरी विचारावे, कारण साधा एसएमएस पोहोचला नसल्याचे कळण्याचा दुसरा कोणताही भरवशाचा मार्ग फोनमध्ये नाही.