पाटल्या दिल्या, आणि गोष्टही

गौरी आणायच्या आदल्या दिवशी माझी मैत्रीण आली तेव्हा मी अंगणात घेवडा निवडत होते. आमच्या कोरेगावात पाहुणा परत जाताना पिशवीत घेवडा जातोच, त्यामुळे ते काम बारमाही. ती शेजारी बसली, दोन मुठी निवडल्या आणि हात पुढे करून म्हणाली, "वाजवून बघ." मी तिच्या पाटल्या एकमेकींवर आपटल्या. आवाज पातळ आला, डबीचं झाकण पडल्यासारखा. एक ग्रॅमच्या होत्या.

खऱ्या पाटल्या श्रावणातच गहाण गेल्या होत्या. त्या वर्षी एक एकर आलं लावलं होतं. आमच्याकडे आलं गाडीवर मोजतात, गाडी म्हणजे पाचशे किलो. एकराला दोन गाड्या बियाणं विकत घेतलं, शेणखत घातलं, ठिबक बसवलं आणि आषाढातल्या पावसात कंदकूज लागली. शेंडे पिवळे पडले, खोड धरून ओढलं की अलगद हातात यायचं आणि खाली कंदाचा कुजका वास. दुकानाची उधारी भागवायला पाटल्या ठेवल्या. हे तिला आणि तिच्या नवऱ्याला माहीत होतं, सासूबाईंना नव्हतं. आणि सासूबाई दर वर्षी सुनेच्या पाटल्या स्वतःच्या हाताने गौरीला घालत. एक ग्रॅमचं वजन त्यांच्या हाताला लगेच कळलं असतं. माझ्या पाटल्या तशाच, साध्या, बिननक्षीच्या. तीन दिवसांसाठी देशील का, एवढंच तिचं मागणं. "आणि कुणाला बोलू नकोस," असंही ती म्हणाली.

मी लगेच हो म्हणाले. रात्री भांडी आवरताना ह्यांना सगळं सांगितलं. आलं, उधारी, पतसंस्थेची पावती, सासूबाई, सगळं. वर बजावलंसुद्धा, "पोटात ठेवा."

माझ्याकडे कारण होतं, ते आधी सांगते, कारण चूक त्या कारणाच्या आडोशाला उभी होती. घरातलं सोनं तीन दिवस बाहेर जाणार. कपाट उघडल्यावर डबी रिकामी दिसली तर ह्यांनी विचारलं असतंच. मग सांगायला नको का? आणि "कुणाला बोलू नकोस" यातल्या "कुणाला"मध्ये नवरा धरायचाच नसतो, असं मी गृहीत धरलं होतं. तुम्हीही बहुधा धरत असाल. ती धरते की नाही, हे तिला विचारायला अर्धा मिनिट लागला असता. ती माझ्यासमोरच बसली होती.

आमचे हे शाळेत शिक्षक आहेत. गप्पिष्ट नाहीत. त्यांनी ही गोष्ट आजतागायत कुणाला सांगितलेली नाही, हे मी खात्रीने लिहू शकते. तरीही ती बाहेर पडली.

दिवाळीनंतर मैत्रिणीचा नवरा आमच्याकडे कागद घेऊन आला. जुनी पिकअप घ्यायची होती. भाजीपाला साताऱ्याला पोचवायचं भाडं सुरू करायचं म्हणत होता. पतसंस्थेला दोन जामीनदार हवे होते, त्यातला एक पगारदार. आता पगारदार जामीनदार का लागतो हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कर्जदार थकला की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, सबंध रकमेची. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 तेच सांगतं. सहकार कायद्याच्या 101 कलमाखाली वसुलीचा दाखला निघाला की पगारावर बोट ठेवणं सगळ्यात सोपं. ह्यांनी चहा पाजला, कागद चाळले आणि म्हणाले, "माझ्या आधीच दोन जामीनक्या आहेत हो. तिसरी बसणार नाही."

एकही नव्हती. आणि गणपतीतच, तिच्याच घरी, कुणाच्यातरी थकीत कर्जाचा विषय निघाला तेव्हा हेच अभिमानाने म्हणाले होते, "मी अजून कुणाला जामीन राहिलेलो नाही." ती तेव्हा प्रसादाच्या वाट्या भरत होती.

तिने काही विचारलं नाही. फोन कमी झाले एवढंच.

ह्यांना दोष द्यावा असं मला आजही वाटत नाही. एका घरात उधारी आहे, सोनं गहाण आहे, हे माहीत असलेल्या माणसाने सही करताना थांबावं, यात गैर काय? चूक माझी अशी की हे माहीत असलेला माणूस मी तयार केला, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. नवरा म्हणजे घरातलं कपाट नव्हे, की आत ठेवलं आणि कुलूप लावलं. त्याचेही गावात व्यवहार असतात, तोही सह्या करतो, उसने देतो, सोयरीक सुचवतो. त्याच्या कानावर घातलेली गोष्ट तो कुणाला सांगणार नाही, पण तिच्यावरून वागणार नक्की. कोरेगावासारख्या गावात तर तुमच्या मैत्रिणीचा आणि तुमच्या नवऱ्याचा कुठे ना कुठे संबंध येतोच.

बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही म्हणून आपल्याकडे युधिष्ठिराच्या शापाचा दाखला देतात. पण त्या कथेत कुंतीने गोष्ट इतकी वर्षं राखली हाच शापाचा राग आहे, हे कुणी बोलत नाही. असो.

महिनाभर मी गप्प होते. मग तिला सांगायचं ठरवलं. आधी ह्यांना सांगितलं की मी तिला सांगणार आहे. हे आवश्यक आहे, नाहीतर दुसऱ्याच दिवशी ती रस्त्यात भेटल्यावर त्यांची पंचाईत. ते म्हणाले, "मी येऊन बोलू का?" मी नको म्हटलं. माझी चूक त्यांच्या तोंडून गेली असती तर तिला उलट त्यांचीच समजूत काढावी लागली असती.

स्टेशनकडे फिरायला जाताना बोलले. सुरुवात चुकलीच. "अगं, मी तुझ्या भल्यासाठीच..." असं म्हणाले, आणि ती जागच्या जागी थांबली. तेव्हा सरळ बोलले: "पाटल्यांचं मी ह्यांना सांगितलं होतं. त्याच रात्री. गहाणाचं, उधारीचं, सासूबाईंचं, सगळं. तुला न विचारता. त्यांनी सही दिली नाही ती त्यामुळेच. जामीनकीचं कारण खोटं होतं."

ती म्हणाली, "ते मला गणपतीतल्या बोलण्यावरून कळलंच होतं." मग थोडं चालून, "तू विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं गं. सरांना सांगायला माझी ना नव्हती. पण मला माहीत असतं ना, तर ह्यांना तुमच्या दारात सहीला पाठवलंच नसतं. माणूस तोंड पाडून परत आला."

हे वाक्य ऐकेपर्यंत मला वाटत होतं की परवानगी मागणं म्हणजे मान राखणं. तिने सांगितल्यावर कळलं की त्या प्रश्नातून तिला एक माहिती मिळणार होती: आता कोण कोण जाणतं. त्यावरून तिने आपली पावलं ठरवली असती. ती संधी मी काढून घेतली. तिने हो म्हटलं असतं की नाही, हा भाग दुय्यम आहे.

म्हणून विचारायचं तर कसं, हे माझ्या गाढवपणावरून सांगते. "ह्यांना सांगितलं तर चालेल ना?" असं ओझरतं विचारू नका, त्यावर समोरची नाही म्हणूच शकत नाही, त्यातून ती तुमच्या दारात मागायला आलेली. किती सांगणार आणि कशासाठी, तेही बोला. मला असं म्हणता आलं असतं: "पाटल्या नेशील. पण डबी रिकामी दिसली तर हे विचारतील. गौरीसाठी तुला दिल्या एवढंच सांगू, की कारणही सांगू? कारण नको असेल तर मी सांभाळते." आणि ह्यांना: "पाटल्या तिला दिल्यात. का ते विचारू नका, माझं नाही ते." मी नंतर ह्यांना विचारलं, एवढ्यावर भागलं असतं का? म्हणाले, "न भागायला काय झालं? पाटल्या तुझ्याच आहेत."

ज्यांच्या पोटात नवऱ्यापासून किंवा बायकोपासून खरंच काही राहत नाही, त्यांनी समोरची बोलायला लागण्याआधीच ते सांगावं. ऐकून झाल्यावर सांगण्याला अर्थ नाही. काही जणी मग बोलणार नाहीत. तो त्यांचा हक्क.

आणि सांगून बसला असाल तर? लवकर सांगा, माझा महिना फुकट गेला आणि त्या महिन्यात ती एकटीच अंदाज बांधत राहिली. पहिल्याच वाक्यात काय केलं ते सांगा, कारण नंतर. नक्की कोणते शब्द बोललात, काय सांगितलं नाहीत, आणि त्यामुळे पुढे काही घडलं का, तेही. तिला पुढचं ठरवायला हेच लागतं. "ते कुणाला बोलणार नाहीत" ही हमी देऊ नका. माझ्या बाबतीत ती शब्दशः खरी होती आणि काही उपयोगाची नव्हती. माफी एकदा मागा आणि थांबा. मी चार वेळा मागितली, तेव्हा ती वैतागून म्हणाली, "आता मी तुझे डोळे पुसू का?"

एका ठिकाणी मात्र विचारत बसू नये. घरात मारहाण होत असेल किंवा कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर मदत बोलवा. महिलांसाठी 181 आणि मनाच्या त्रासासाठी 14416 हे क्रमांक आहेत. तेव्हाही तिला कळू द्या की तुम्ही कुणाला सांगताय.

हा मजकूर पाठवण्याआधी तिला वाचायला दिला. तिने दोन वाक्यं खोडली. पीक आणि दागिना यांपैकी एक गोष्ट तिच्या सांगण्यावरून बदलली आहे. कोणती, ते लिहीत नाही. बाकीचं छापायला तिची ना नाही.

तिचं गहाण सुटलेलं नाही, यंदा नवं-जुनं केलं. गौरी आल्या, मी हळदीकुंकवाला गेले तेव्हा गौरीच्या हातात पाटल्या होत्या. माझ्या नव्हत्या. कुणाच्या, ते मी विचारलं नाही.