पहाटे पावणेतीनचा जन्म : वार कोणता धरायचा?

प्रश्न : माझ्या नातीचा जन्म मुंबईत, नोव्हेंबरच्या मध्यात, मंगळवारी पहाटे २.४५ ला झाला. दाखल्यावर मंगळवारची तारीख आहे, पण गुरुजींनी पत्रिकेत सोमवार लिहिला. चुकलं कोण?

उत्तर : कोणीच नाही. दाखल्याची तारीख रात्री बाराला बदलते, पंचांगाचा वार मात्र सूर्योदयाला बदलतो. त्या सुमारास मुंबईत सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. सोमवारच्या सूर्योदयापासून पहाटे २.४५ पर्यंत झाले २० तास. घटिका २४ मिनिटांची, म्हणजे ५० घटिका. दिवस ६० घटिकांचा असल्यामुळे सोमवार संपायला अजून दहा घटिका बाकी होत्या.

मध्यरात्र आपल्या ज्योतिषांना ठाऊक नव्हती असं नाही. सूर्यसिद्धान्ताचं गणित लंकेच्या मध्यरात्रीपासूनच चालतं. पण गावात घटिका मोजायच्या त्या तळाला छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडून. ती मोजणी सुरू करायला सगळ्यांना दिसेल असा क्षण हवा. सूर्योदय दिसतो, मध्यरात्र दिसत नाही.

वारांची नावंही सूर्योदयालाच बांधलेली आहेत. सूर्योदयापासून दर होऱ्याला एकेक ग्रह स्वामी, क्रम असा : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र, आणि पुन्हा शनी. पहिल्या होऱ्याचा जो स्वामी, त्याचा तो वार. रविवारी पहिला होरा रवीचा. सातासातांनी पुढे गेलं की बाविसावाही रवीचाच, तेविसावा शुक्राचा, चोविसावा बुधाचा. पंचविसावा येतो चंद्राचा, तोवर दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवलेला असतो, आणि तो सोमवार!

आता एक सावधगिरी. मागे जातो तो फक्त वार. तिथी आणि नक्षत्र सूर्योदयासाठी थांबत नाहीत. ती दिवसा-रात्री केव्हाही बदलतात, म्हणून पत्रिकेत जन्मक्षणी जी चालू असतील तीच घ्यायची. काही मंडळी ‘सोमवार’ म्हणून संगणकात तारीखच एक दिवस मागची भरतात. मग चंद्र साधारण १३ अंश मागे सरकतो, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण नक्षत्र. बहुतेक वेळा नक्षत्रच चुकतं, आणि त्यावरून काढलेलं नावाचं आद्याक्षरही. तारीख दाखल्यावरचीच भरा आणि वेळ २.४५ द्या. नीट केलेली प्रणाली वार स्वतःच सोमवार दाखवते.

सूर्योदय गावागणिक वेगळा असतो, हेही ध्यानात असू द्या. नागपुरात तो त्या दिवसांत मुंबईच्या वीस-बावीस मिनिटं आधी होतो. त्याच मंगळवारी सकाळी ६.३५ ला दोन्ही शहरांत एकेक बाळ जन्मलं असतं, तर नागपूरच्या बाळाचा वार मंगळवार आणि मुंबईच्या बाळाचा सोमवार.