जांघेतला फुगा

उसाची मोळी उचलताना किंवा खोकताना जांघेत सुपारीएवढा फुगा येतो, आडवे पडल्यावर तो आत जातो आणि संध्याकाळी तेथे ओढल्यासारखे दुखते. हा बहुधा हर्निया, म्हणजे अंतर्गळ. पोटाची भिंत तेथे दुबळी असते. जोर पडला की आतड्याचा वेढा बाहेर डोकावतो. पट्ट्याने किंवा लेपाने ते भोक बुजत नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. मात्र फुगा सहज आत जात आहे तोवर सर्जनला दाखवून सोयीचा दिवस ठरवता येतो.

आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याचा फुगा दोन वर्षे असाच आतबाहेर होत होता. एका सकाळी पोते उचलताना तो बाहेर आला, तो परत जाईना. गाठ कठीण झाली, हात लावू देईना. दुपारी ओकाऱ्या सुरू झाल्या, पोट फुगले, वारा सरेना. घरच्यांनी वात समजून एरंडेल पाजले. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की काही तासांतच ते मरू लागते. रात्री शस्त्रक्रिया झाली तेव्हा काळा पडलेला तुकडा कापून टाकावा लागला.

अशी गाठ घरी दाबून ढकलू नये, जुलाब देऊ नये. भूल द्यावी लागणार, म्हणून अन्नपाणीही देऊ नये. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात त्याच घटकेला न्यावे. बायकांत जांघेच्या घडीखाली येणारी लहान गाठ तर अधिकच लवकर अडकते. आमच्या भगिनी संकोचाने ती लपवतात. ती आत जात असली तरी लवकर दाखवावी.